पहाटे चार एक्केचाळीसला गेलेला प्रश्न

«मी पेडणे तालुक्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत शिकवतो. पालकांच्या फोनवर रोज एक छोटी पोस्ट आपोआप जाईल अशी दोन आठवड्यांची मालिका लावण्याचा विचार आहे. तुम्ही सत्तरी तालुक्यात असे केले होते म्हणून ऐकले. पहिल्या मालिकेच्या वेळी नेमके काय झाले? पालक खरेच उत्तरे देतात का?»

सर, पालक उत्तरे देतात; मात्र आपण ज्या वेळी आणि ज्या रूपात त्यांची वाट पाहतो, तशी ती बहुधा येत नाहीत. माझ्या पहिल्या मालिकेत बहुतेक उत्तरे आली होती आणि मला ती दिसलीच नव्हती. तुम्हाला मांडणी करताना उपयोग व्हावा म्हणून जे घडले ते क्रमाने लिहिते.

माझ्याकडे तिसरी आणि चौथी असे जोडवर्ग होते, मुले 23 आणि भावंडे धरून घरे 19. व्हॉट्सॲपचा गट आधीपासून होता, पण त्यात सूचनेखाली अंगठा दाखवण्यापलीकडे कोणी काही लिहीत नसे, आणि रोजचा संदेश मलाच आठवणीने टाकावा लागे. व्हॉट्सॲपवर आपण होऊन आपोआप संदेश पाठवायचे, तर अधिकृत मार्गात व्यवसायाचे खाते काढून संदेशाचे साचे आधी मंजूर करून घ्यावे लागतात, आणि अनधिकृत साधने वापरली तर नंबर बंद होण्याचा धोका राहतो. म्हणून मी टेलिग्रामचा बॉट, म्हणजे आपोआप संदेश पाठवणारे खाते, घेतला. टेलिग्रामच्याच `BotFather` कडून टोकन, म्हणजे त्या बॉटची किल्ली, मिळवले, गूगल शीटच्या पत्रकात एका रकान्यात तारीख आणि दुसऱ्यात त्या दिवसाचा मजकूर लिहिला, आणि त्या पत्रकाला जोडलेली गूगलची ॲप्स स्क्रिप्ट रोज त्या दिवसाची ओळ शोधून प्रत्येक घराला वेगळा संदेश पाठवील अशी व्यवस्था केली. गट मुद्दाम टाळला, कारण चारचौघांत चुकीचे मराठी लिहिले जाईल या भीतीने आया गप्प राहतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले होते.

बॉट आपण होऊन कोणाला पहिला संदेश पाठवू शकत नाही. समोरच्या व्यक्तीने आधी `Start` दाबावे लागते. त्यामुळे पालक-शिक्षक संघाच्या बैठकीनंतर मी वर्गातच बसले आणि एकेका पालकाच्या फोनवर टेलिग्राम घालून ते बटण त्यांच्याच हाताने दाबून घेतले. मालिकेत काय असेल, कुठल्याही मुलाचे नाव किंवा छायाचित्र त्यात नसेल आणि आलेली उत्तरे माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, हे सांगून कागदावर सही घेतली. 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यावी, असे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहेच. 19 पैकी 16 घरे जोडली गेली. उरलेल्या तीन घरांत स्मार्टफोन नव्हता, म्हणून त्या मुलांच्या दप्तरातून तोच प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाठवायचे ठरले.

मालिका रविवार सोडून 14 दिवसांची होती आणि पोस्ट संध्याकाळी सातला जावी असा माझा बेत होता. दिवेलागण झालेली असते, मूल घरी असते, आई-वडील कामावरून आलेले असतात, असा माझा हिशेब. जुलैच्या एका रविवारी दुपारी सगळे लावून मी निर्धास्त झाले. सोमवारी सहाच्या सुमारास उठले, तेव्हा माझ्याच फोनवर पहिली पोस्ट येऊन पडलेली होती. वेळ होती पहाटे 4 वाजून 41 मिनिटे.

चूक माझीच होती. एका ओळखीच्या शिक्षिकेकडच्या तयार पत्रकाची मी प्रत घेतली होती आणि प्रतीबरोबर त्यातल्या स्क्रिप्टचा टाइम झोनही आला होता, `America/New_York`. तिकडचे संध्याकाळचे सात म्हणजे उन्हाळ्याच्या दिवसांत आपल्याकडची पहाटेची साडेचार. शिवाय ॲप्स स्क्रिप्टला नुसता तास सांगितला, तर त्या तासात ते केव्हाही चालते, म्हणून बरोबर साडेचारलाही नाही. तुम्ही स्क्रिप्ट ठरल्या वेळी चालवणारा ट्रिगर लावताना वेळ आणि टाइम झोन दोन्ही स्पष्ट लिहा:

```javascript
ScriptApp.newTrigger('pathva').timeBased()
  .everyDays(1).atHour(19).nearMinute(0)
  .inTimezone('Asia/Kolkata').create();
```

एवढे करूनही दहा-पंधरा मिनिटांचे मागेपुढे होते, ते धरून चालावे.

पावसाळ्यातल्या पहाटे सोळा घरांत फोन वाजवले म्हणून मला फार अपराधी वाटले. शाळेत जाऊन एकेकीची माफी मागायची, असे ठरवून मी निघाले. निघण्यापूर्वी पत्रक उघडले, तर सहा वाजण्याच्या आत सात घरांची नोंद झालेली होती.

त्या दिवशीचा प्रश्न असा होता: «आजच्या भातासाठी तांदूळ कशाने मोजले आणि किती घेतले? मुलाला तुमचे माप हातात देऊन मोजायला सांगा.» तो प्रश्न पोचला, तेव्हा निदान सात घरांत चूल किंवा गॅस पेटलेला होता आणि तांदूळ काढले जात होते. वाळपईहून पणजीकडे जाणारी पहाटेची बस धरायची, तर डबे त्याआधी तयार व्हावे लागतात. करटीने, म्हणजे नारळाच्या करवंटीने, मोजणाऱ्या एका आईने लिहिले होते, «आता घेतले. दोन करट्या आणि वयर एक मूठ.» दुसरीने लिहिले होते, «मुलगा निजला आहे, उठल्यावर मोजून सांगते, मी पेल्याने घेते.» कोणाच्याही शब्दांत तक्रार नव्हती.

तरीही मला तो योगायोगच वाटला. मी वेळ दुरुस्त केली आणि मंगळवारपासून पोस्ट संध्याकाळी सातला जाऊ लागली. मंगळवारी दोन उत्तरे आली, बुधवारी एक, गुरुवारी तीन. प्रश्न नीरस झाले असावेत असे समजून मी पुढच्या पोस्टी पुन्हा लिहायला घेतल्या आणि त्यात दोन संध्याकाळी गेल्या. खरे कारण शुक्रवारी शाळेच्या फाटकापाशी कळले. मुलाला सोडायला आलेल्या एका आईला मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, «टीचर, सांजेर फोन घोवालागीं आसता.» तिचा नवरा होंड्याच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या पाळीला जातो, घरातला एकच स्मार्टफोन दुपारी त्याच्याबरोबर जातो आणि रात्री उशिरा परत येतो. पहाटे तो फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जिंगला लावलेला असतो आणि आई त्याच्यापासून दोन हातांवर उभी असते. मी मग सोळाही घरांत हेच विचारले. अकरा घरांत संध्याकाळी फोन आईच्या हाताशी नसतो, असे कळले.

ही चौकशी मालिका लावण्याआधी करायची होती. फोन कोणाचा आहे हे आपण प्रवेशाच्या वेळी लिहून घेतो, पण तो दिवसाच्या कोणत्या वेळी घरात असतो, हे विचारत नाही. तुमच्या भागात गणित निराळे निघेल. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत रात्रीच्या पाळ्या असल्या, तर पहाटेची वेळ कदाचित उपयोगाचीच नसेल. म्हणून माझी वेळ उचलू नका. बैठकीत प्रत्येक घराला हा एक प्रश्न विचारा आणि त्यावरून वेळ ठरवा. मी दुसऱ्या सोमवारपासून पोस्ट पुन्हा पहाटेवर आणली, पावणेपाचच्या सुमारास, आणि ज्या पाच घरांना ती वेळ नको होती त्यांच्यासाठी दुसरा ट्रिगर सातचाच ठेवला. पहाटेची पोस्ट फोन न वाजवता पोचावी म्हणून संदेश पाठवताना `disable_notification` हे `true` ठेवले.

त्याच शुक्रवारी फाटकापाशी आणखी एक गोष्ट उघड झाली, आणि माझ्या मते या सगळ्या अनुभवात तीच सर्वांत मोलाची आहे. एका आईला मी म्हटले, की तुमचे उत्तर आले नाही. ती गोंधळली आणि म्हणाली, «मी तर दोनदा बोलले.» लिहिले असे ती म्हणाली नाही, बोलले म्हणाली. घरी येऊन मी पत्रक नीट पाहिले. तोवरच्या 13 नोंदींपैकी 8 ओळींत घराचा क्रमांक होता, वेळ होती, आणि मजकुराचा रकाना कोरा होता. हात चुकून लागला असेल किंवा एखादे चित्र पाठवले असेल, असे समजून मी त्या ओळी सोडून देत आले होते.

माझी स्क्रिप्ट दर तासाला `getUpdates` ने उत्तरे आणत होती आणि त्यातला फक्त `message.text` पत्रकात उतरवत होती. आवाजी संदेशात `text` नसतोच. तिथे `voice` असतो, आणि छायाचित्र असेल तर `photo`. म्हणजे ज्यांनी लिहिले तेवढेच मला दिसले आणि जे बोलले ते कोऱ्या ओळी होऊन राहिले. सुदैवाने संदेशाचा क्रमांक मी एका रकान्यात नोंदवत होते, म्हणून ते सगळे संदेश बॉटकडून माझ्या स्वतःच्या खात्यावर पुढे पाठवून घेता आले. तेव्हापासून मजकूर नसलेला प्रत्येक संदेश थेट माझ्याकडे येतो. खाली `m` म्हणजे आलेला संदेश, `API` म्हणजे टोकनसह बॉटचा पत्ता आणि `MAZA_ID` म्हणजे माझ्या खात्याचा क्रमांक:

```javascript
if (!m.text) {
  UrlFetchApp.fetch(API + '/forwardMessage', {
    method: 'post',
    payload: {
      chat_id: MAZA_ID,
      from_chat_id: String(m.chat.id),
      message_id: String(m.message_id)
    }
  });
}
```

दोन गोष्टी इथेच सांगते. न उचललेली उत्तरे टेलिग्रामच्या सर्व्हरवर 24 तासांपेक्षा जास्त ठेवली जात नाहीत, म्हणून ती रोज हाताने बघू असे ठरवू नका, शनिवार-रविवारची उत्तरे हमखास हरवतील. ताशी ट्रिगर लावाच. आणि टोकन पत्रकात लिहू नका, स्क्रिप्टच्या `Script Properties` मध्ये ठेवा, कारण पत्रक आपण सहकाऱ्यांना सहज दाखवतो.

त्या संध्याकाळी मी आठही संदेश एकामागून एक उघडले. एक करटीचे छायाचित्र होते आणि सात आवाज होते. पाठीमागे पावसाचा आवाज, कुकरची शिटी, कुठे कोंबडा. पहिल्याच संदेशाची सुरुवात अशी होती: «टीचर, म्हाका बरोवंक येना, म्हणून उलयतां.» आपल्याला लिहिता येत नाही म्हणून बोलते आहोत, हे तिने आधी सांगितले आणि मग दीड मिनिट न अडखळता सांगत राहिली, की तिची सासू तांदूळ करटीनेच मोजायची, ती करटी घासून गुळगुळीत केलेली आहे आणि पाहुणा आला तर वरची मूठ दोन मुठी होते. सातांपैकी पाच संदेश कोकणीत होते, एक मराठीत, आणि एकात आजी आणि नातू दोघे बोलत होते. गटावर दोन वर्षांत एक वाक्य न लिहिलेल्या आया होत्या त्या. आपण मराठी माध्यमाची शाळा चालवतो आणि पालकांनी मराठीतच लिहावे अशी अपेक्षा नकळत धरून बसतो. घरात कोकणी बोलणाऱ्या बाईला मराठी समजत असते, पण लेखणी हातात घेताना ती थांबते. दुसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक पोस्टीच्या शेवटी मी एक ओळ घातली: «लिहा किंवा बोला, कोकणीत चालेल.» त्यानंतर रोजची उत्तरे आठ ते अकरा घरांतून येऊ लागली आणि त्यातली निम्म्याहून अधिक आवाजी असत.

वर्गात याचा उपयोग कसा झाला तेही लिहिते, कारण नुसती उत्तरे गोळा करून ठेवली तर पालकही थांबतात. मी मुलांना घरचे माप आणायला सांगितले. पाच करट्या, तीन पेले आणि एक जुने पितळी माप आले. एक लिटरची बाटली ठेवून प्रत्येक करटीने ती भरली. एकीच्या करटीला पाच वेळा ओतावे लागले, दुसरीच्या करटीला सात वेळा. «दोन करट्या तांदूळ» म्हणजे दोन्ही घरांत सारखा भात होतो का, हा प्रश्न मुलांनीच काढला. पाचवाली करटी 200 मिलिलिटरची, सातवाली सुमारे 140 ची. म्हणजे दोन करट्यांत सुमारे 120 मिलिलिटरचा फरक. धारकतेचा तो पाठ मी एरवी पुस्तकातल्या चित्रावरून घेते. दुसऱ्या दिवशीच्या पोस्टीत घराचे नाव न घेता मी ही मापे कळवली, आणि आपल्या करटीचे माप कोणते हे ओळखून चार घरांनी लगेच उत्तर दिले.

आता माझी दुसरी चूक. ती पहिलीपेक्षा जड आहे, कारण तिने एका घराला दुखावले. उत्तर आले की बॉटने काहीतरी म्हणावे, नाहीतर पालकांना कोरडे वाटेल, अशा समजुतीने मी प्रत्येक उत्तराला आपोआप जाणारा मजकूर लावला होता: «उत्तर मिळाले. खूप छान!» नवव्या दिवशीचा प्रश्न होता, काल जेवताना मुलाशी शाळेविषयी काय बोलणे झाले. एका आईने लिहिले, की आजी गेल्यापासून तो जेवायला बसतच नाही, ताट घेऊन बाहेर जातो आणि तसाच परत येतो. काही मिनिटांनी तिला बॉटकडून «खूप छान!» गेले.

मी ते दुपारी शाळा सुटल्यावर वाचले आणि तशीच तिच्या घरी गेले. ती रागावली नाही. पाणी दिले, बसवले आणि एवढेच म्हणाली, «म्हाका दिसलें, तुमी वाचलेंच ना.» तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते, त्या क्षणी कोणीच वाचलेले नव्हते. मुलाविषयी आमचे बोलणे झाले, वर्गात त्याला मी जवळ बसवू लागले, दुपारच्या आहाराच्या वेळी त्याच्याशेजारी बसून जेवू लागले आणि तीन आठवड्यांत तो सावरला. पण ती आई मालिका संपेपर्यंत पुन्हा बॉटवर काही बोलली नाही. जे सांगायचे ते फाटकापाशी येऊन सांगत असे.

म्हणून माझा आग्रह आहे, की आपोआप जाणाऱ्या उत्तरात कौतुक, सांत्वन किंवा शाबासकी यांपैकी काहीही घालू नका. यंत्राने फक्त निरोप पोचल्याचे सांगावे आणि माणूस केव्हा वाचणार ते सांगावे. माझा मजकूर आता असा आहे: «निरोप पोचला. शाळा सुटल्यावर मी स्वतः वाचीन.» ही वेळ मग पाळावी लागते. सोळा घरांची उत्तरे वाचायला आणि ऐकायला मला रोज पाऊण तास लागत असे. तेवढा वेळ तुमच्याकडे नसेल, तर रोजची मालिका लावू नका, आठवड्यातून दोन पोस्टी ठेवा. पाठवण्याचे काम यंत्र करते, ऐकण्याचे करत नाही, आणि पालकांची अपेक्षा ऐकण्याचीच असते.

प्रश्नांविषयी थोडेच सांगते. माझ्या 14 पोस्टींपैकी ज्यांत मुलाची चौकशी होती, म्हणजे अभ्यास केला का, पाढे म्हटले का, त्यांना «होय» आणि «करता» एवढीच उत्तरे आली. ज्यांत घराला काही माहीत असलेले विचारले होते, म्हणजे नारळ काढण्याच्या एका पाड्याला किती नारळ उतरले, ते पाडणाऱ्या पाडेलीला मजुरी कशी दिली, चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीला काय काय बांधता, त्यांना लांब उत्तरे आली आणि ती देताना मूल शेजारी असल्याचे आवाजात ऐकू येत होते. माटोळीच्या प्रश्नाला एका वडिलांनी रानातल्या फळांची जी यादी बोलून पाठवली, ती मुलांनी फळ्यावर उतरवली तेव्हा फळा पुरला नाही.

मालिका तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी संपली. पत्रकातल्या ओळी संपल्या, म्हणून बुधवारी पहाटे काहीच गेले नाही. मालिका संपली असे कळवण्याची पोस्ट मी लिहिलीच नव्हती. बुधवारी सकाळी साडेपाचपर्यंत बॉटवर तीन आवाज येऊन पडले होते. तिन्हींत, वेगवेगळ्या शब्दांत, एकच विचारणा होती: आज प्रश्न आला नाही, टीचरला बरे नाही का? त्यातली एक ती होती, जी नवव्या दिवसानंतर बोललेली नव्हती.